रुंद ठोके : वरचे की खालचे?

तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं हॉस्पिटल. रात्रीचे साडेनऊ. किराणा दुकान चालवणारे अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ मुलाच्या मोटरसायलवर बसून येतात आणि स्वतःच्या पायांनी चालत कॅज्युअल्टीत शिरतात. दीड तासापासून छातीत धडधडतंय, थोडी धाप लागतेय, एवढीच तक्रार. रक्तदाब ११८/७६. ईसीजी काढला तर ठोके घड्याळासारखे नियमित, मिनिटाला १६७ च्या आसपास, आणि प्रत्येक ठोका चांगला जाडजूड, रुंद.

ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर पट्टीकडे बघतो, मग काकांकडे. काका मुलाला दुकानाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगताहेत. "सिस्टर, व्हेरापामिल काढून ठेवा," तो म्हणतो, "एसव्हीटी दिसतेय. व्हीटी असती तर काका असे बोलत बसले असते का?" तरीही पट्टीचा फोटो तो व्हॉट्सअ‍ॅपवर जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिशियनना पाठवतो. मिनिटभरात फोन येतो. "इंजेक्शन दिलं नाहीस ना? पहिल्यांदा मला सांग, यांना आधी कधी अटॅक आलाय का?"

हे काका एक कोणी नाहीत, अनेक रुग्णांवरून बेतलेले आहेत. पण त्यांच्या निमित्ताने हृदयाच्या ठोक्यांमधल्या एका फसव्या प्रश्नात शिरता येतं. त्यात चुकीची अटकळ बांधली, तर चालत आलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

हृदयाला वरचे दोन आणि खालचे दोन कप्पे. प्रत्येक ठोक्याचा विद्युत संदेश वरच्या उजव्या कप्प्यातून निघतो, मधल्या एव्ही नोडवर क्षणभर थबकतो आणि तिथून खाली उतरतो. खालच्या कप्प्यांत त्याच्यासाठी वेगवान तंतूंची खास वाट आहे. तिला डावी आणि उजवी अशा दोन मोठ्या फांद्या, आणि पुढे स्नायूभर पसरलेलं बारीक जाळं. या वाटेने गेलेला संदेश दोन्ही कप्प्यांच्या स्नायूंत जवळजवळ एकाच वेळी पोचतो. म्हणून ईसीजीवर खालच्या कप्प्यांचा ठोका, म्हणजे क्यूआरएस, टोकदार आणि अरुंद दिसतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, त्यामुळे एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. निरोगी क्यूआरएस साधारण दोन-अडीच छोट्या चौकोनांत संपतो. तीन चौकोन किंवा त्याहून जास्त, म्हणजे १२० मिलिसेकंदांपुढे गेला, की तो रुंद. आणि नाडी शंभराच्या वर असेल, तर 'वाइड कॉम्प्लेक्स टॅकिकार्डिया' हे नाव लागतं. काकांच्या पट्टीवर क्यूआरएस चार चौकोनांचा होता, १६० मिलिसेकंदांचा.

ठोका रुंद होतो याचा अर्थ एवढाच, की संदेश खालच्या स्नायूंत सावकाश पसरतोय. त्याची मुख्यतः दोन कारणं असतात. पहिलं, ठोके खालच्या कप्प्यातल्या स्नायूतच जन्माला येतात, खास वाट त्यांना मिळतच नाही आणि ते स्नायूच्या एका पेशीतून दुसरीत असे सरकत जातात. ही व्हीटी, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. दुसरं, ठोके वरूनच येतात, वाटेनेच उतरतात, पण वेग इतका वाढलेला असतो की दोनपैकी एका फांदीला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला उसंत मिळत नाही. बहुधा उजवीला, कारण सावरायला तिला जास्त वेळ लागतो. मग संदेश एकाच फांदीने उतरतो आणि दुसरी बाजू उशिरा, वळसा घालून जागी होते. याला 'अ‍ॅबरन्सी' म्हणतात, आणि हा झाला अ‍ॅबरन्सीसह एसव्हीटी. काहींच्या एका फांदीत मुळातच जुना अडथळा असतो. त्यांचा ठोका एरवी शांत बसलेले असतानाही रुंदच येतो.

कागदावर दोन्हींचं रूप पुष्कळदा सारखं दिसतं. दोन्हींचा मामला मात्र वेगळा. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारांत संदेशाचं चक्र एव्ही नोडमधून फिरत असतं, म्हणून नोडला क्षणभर गप्प केलं की ते तुटतं. व्हीटीचं चक्र बहुतेक वेळा जुन्या हार्ट अटॅकच्या व्रणाभोवती फिरतं. मेलेल्या स्नायूच्या जागी तयार झालेल्या चिवट उतीत मधूनमधून जिवंत तंतू उरलेले असतात, आणि संदेश त्यांच्यातून सावकाश वाट काढत पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. एव्ही नोडचा या चक्राशी काही संबंध नाही. तो बंद करा, चालू ठेवा, व्हीटी आपल्या गतीने चालूच राहते.

व्हेरापामिलचा घोटाळा इथेच होतो. हे औषध एव्ही नोड मंदावतं, म्हणून अरुंद ठोक्यांच्या एसव्हीटीत ते उत्तम काम करतं. पण शिरेतून दिल्यावर ते आणखी दोन गोष्टी करतं. रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयाच्या स्नायूचं आकुंचन दुबळं करतं. आता काकांचं हृदय डोळ्यांसमोर आणा. एका बाजूची भिंत व्रणाने निकामी झालेली, मिनिटाला १६७ ठोके, दोन ठोक्यांमध्ये भरायला जेमतेम अवधी. ११८ चा रक्तदाब कशाच्या जोरावर टिकलाय? शरीराने रक्तवाहिन्या आवळून धरल्यात आणि उरलेला स्नायू जीव तोडून आकुंचन पावतोय, एवढ्याच आधारावर. व्हेरापामिल हे दोन्ही आधार एकाच वेळी काढून घेतं, आणि व्हीटी मात्र थांबवत नाही. रक्तदाब कोसळतो, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला पुरवठा घटतो, आणि तिथून व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची नुसती थरथर, फार लांब राहत नाही. शिवाय या औषधाचा अंमल काही सेकंदांत ओसरणारा नाही. दिलेलं परत घेता येत नाही.

ही निव्वळ भीती नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बक्सटन आणि सहकाऱ्यांनी, व्हीटी असताना व्हेरापामिल मिळालेल्या २५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या ११ जणांचा रक्तदाब धोकादायक घसरला किंवा शुद्ध हरपली. हे सगळे आधीच अत्यवस्थ असतील असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. इंजेक्शन द्यायला वेळ होता, म्हणजेच रुग्ण स्थिर दिसत होते. स्थिर दिसले म्हणूनच तर एसव्हीटी वाटली.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत घातक समज हाच आहे : व्हीटीचा रुग्ण बोलत नाही, बसत नाही, त्याचा रक्तदाब चांगला नसतो. तो पाठ्यपुस्तकांनी शिकवलेला नाही, पण ड्यूटी रूममध्ये एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे आपोआप जातो. रक्तदाब किती राहील हे ठोके कुठून येतात यापेक्षा त्यांचा वेग किती, पंपाची ताकद किती आणि रक्तवाहिन्या किती आवळल्यात यावर जास्त ठरतं. १६७ च्या वेगाची व्हीटी एखादा माणूस तासन्‌तास सहन करतो. उलट २२० च्या एसव्हीटीने दुसरा माणूस खाली पडू शकतो. तेव्हा स्थिर रक्तदाबावरून उपचाराला किती वेळ हाताशी आहे हे कळतं, निदान कळत नाही. वयाचंही तसंच. तरुण आहे म्हणून व्हीटी नाही, असं म्हणता येत नाही.

मग फोनवरच्या फिजिशियननी पहिला प्रश्न अटॅकचा का विचारला? कारण रुंद ठोक्यांच्या या रुग्णांत साधारण दहातल्या आठ जणांना व्हीटीच असते. आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हे प्रमाण दहात नऊच्या वर जातं. १९८८ मध्ये चू आणि सहकाऱ्यांनी दोनच प्रश्नांची चाचणी घेतली होती : पूर्वी अटॅक आला होता का, आणि ही धडधड त्यानंतरच सुरू झाली का? दोन्हींचं उत्तर 'हो' असलं तर व्हीटी समजायची. त्यांच्या रुग्णांत व्हीटीच्या २९ पैकी २८ जणांचं निदान एवढ्यावरच जमलं. पट्टीवर कुठलीही मापपट्टी न ठेवता.

काकांच्या मुलाने सांगितलं, पाच वर्षांपूर्वी मोठा अटॅक आला होता, अँजिओप्लास्टी झाली, आणि अशी धडधड त्याआधी कधीच नव्हती. दोन्ही उत्तरं हो.

"आता लांब पट्टी काढ, लीड टूची," फिजिशियन म्हणाले. लीड टूची पट्टी पाऊण मिनिटभर चालू ठेवली. तिच्यात एक ठोका वेगळा आला. एरवी दोन ठोक्यांमध्ये नऊ छोटे चौकोन, हा मात्र साडेसातवरच उगवला, आणि तो अरुंद होता, जेमतेम दोन चौकोनांचा. त्याच्यामागून पुन्हा रुंद ठोक्यांची रांग. तरुण डॉक्टर खूश झाला. "सर, एक नॅरो बीट आहे. म्हणजे वरूनच येताहेत ना?"

अर्थ बरोबर उलटा आहे, आणि इथे थोडं थांबण्यासारखं आहे. अ‍ॅबरन्सीचा दावा काय? वेग इतका की एका फांदीला सावरायला वेळ नाही. नऊ चौकोनांच्या अंतराने येणारा ठोकाही तिला पेलवत नाही, म्हणून तो रुंद होतो. मग साडेसात चौकोनांवर, म्हणजे त्याहूनही लवकर आलेला ठोका तर आणखी बेढब व्हायला हवा. तो सुरेख अरुंद आला, म्हणजे दोन्ही फांद्या ठणठणीत आहेत आणि वरून येणारं काहीही अरुंदच उतरू शकतं. तेव्हा बाकीचे रुंद ठोके वरून येत नाहीत. वरचे कप्पे आपल्या संथ गतीने चालू आहेत, खालचे आपल्या. त्यातला वरचा एक संदेश योगायोगाने मोक्याच्या क्षणी खाली पोचला आणि त्याने खालच्या कप्प्यांचा ताबा एका ठोक्यापुरता मिळवला. याला 'कॅप्चर बीट' म्हणतात. कधी वरचा आणि खालचा संदेश अर्ध्या वाटेत भेटतात आणि दोन्हींच्या मधला, धड ना रुंद धड ना अरुंद असा ठोका तयार होतो. तो 'फ्यूजन बीट'. यांपैकी एक जरी स्पष्ट दिसला तरी व्हीटीवर जवळजवळ शिक्कामोर्तब होतं. अडचण ही, की ते वेगवान व्हीटीत क्वचितच सापडतात आणि सहा सेकंदांच्या छोट्या पट्टीत तर बहुधा हुकतातच.

वरचे आणि खालचे कप्पे असे फटकून चालले, की त्याचा पुरावा कधीकधी मानेवरही दिसतो. वरच्या उजव्या कप्प्याने आकुंचन पावावं आणि नेमक्या त्याच वेळी खालचा दरवाजा बंद असावा, असं मधूनमधून घडतं, तेव्हा रक्त उलटं मानेच्या शिरेत उसळतं. म्हणून मानेवर अनियमित अंतराने मोठी उसळी दिसते आणि स्टेथोस्कोपने पहिला ध्वनी दर ठोक्याला कमी-जास्त जोराचा ऐकू येतो. यंत्र लागत नाही, नीट टॉर्च लागतो. पण बऱ्याच व्हीटीत खालचे ठोके उलटे वर चढून वरच्या कप्प्यांनाही आपल्या तालावर आणतात आणि मग ही खूण नसतेच. म्हणजे दिसली तर पक्की, न दिसली तर काहीच सिद्ध होत नाही.

आता ईसीजीच्या आकारांची गोष्ट. १९७८ मध्ये नेदरलँडचे हाइन वेलेन्स यांनी हृदयात तारा घालून खरं निदान आधी पक्कं केलं, मग पट्ट्यांवरचे आकार त्याच्याशी ताडून पाहिले. १९९१ मध्ये पेद्रो ब्रुगाडा आणि सहकाऱ्यांनी चार पायऱ्यांची पद्धत दिली, जी आजही वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. पुढे एकट्या एव्हीआर लीडवरून, एकट्या लीड टूवरून ठरवण्याच्याही पद्धती आल्या. पद्धती अनेक, पण बहुतेकांच्या मुळाशी कल्पना एकच, आणि ती लक्षात राहिली तर बाकीचं पाठांतर बरंच हलकं होतं.

पक्क्या सडकेवरून निघालेली गाडी सुरुवातीलाच वेग घेते, मग पुढे एखादा फाटा बंद असला तर उरलेलं अंतर ती कच्च्या वाटेने रखडत कापते. शेतातून निघालेली गाडी पहिल्या पावलापासूनच रखडते. अ‍ॅबरन्सीत एक फांदी चालू असते, म्हणून ठोक्याची सुरुवात झटक्यात होते आणि शेवट लांबतो. व्हीटी स्नायूच्या मध्यातच सुरू होते, म्हणून सुरुवातच मंद, जाड. ब्रुगाडांची एक पायरी विचारते : छातीवरच्या कुठल्या लीडमध्ये ठोक्याच्या सुरुवातीपासून एस लहरीच्या तळापर्यंत १०० मिलिसेकंदांहून, म्हणजे अडीच चौकोनांहून जास्त वेळ लागतो का? लीड टूची पद्धत विचारते : पहिल्या टोकाला पोचायला ५० मिलिसेकंद किंवा जास्त लागले का? शब्द वेगळे, प्रश्न तोच. काकांच्या पट्टीवर छातीच्या तिसऱ्या लीडमध्ये हे माप साधारण १२० मिलिसेकंद भरलं.

या पद्धतींवर किती विसंबायचं? ब्रुगाडांच्या मूळ अभ्यासात ५५४ पट्ट्या होत्या आणि निकाल थक्क करणारे होते, पण इतरांनी पुढे तपासल्यावर तेवढं यश हाती आलं नाही. रात्री अकरा वाजता, थरथरणाऱ्या कागदावर, चौकोनाचा एक चतुर्थांश मोजताना दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. काही ठिकाणी तर तत्त्वच लागू पडत नाही. जन्मतः वरून खाली जादा वाट असलेल्यांत, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू असलेल्यांत, वरून आलेला ठोकाही सुरुवातीलाच रखडतो. डायलिसिस चुकलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णात पोटॅशियम वाढून ठोके रुंद होतात. तिथे उपचार कॅल्शियमचा, तो विसरून चालत नाही. आणि थोड्या तरुणांत, निरोगी हृदयात, डाव्या फांदीच्या जाळ्यातून निघणारी एक व्हीटी असते, ती व्हेरापामिलनेच थांबते. हे वाचून व्हेरापामिलचा मोह पुन्हा होऊ नये. ती ओळख तज्ज्ञाने पट्टी बघून पटवायची असते, अंदाजाने नव्हे.

अ‍ॅडेनोसिनबद्दल एक शब्द सांगायला हवा, कारण आता तेच जास्त वापरलं जातं. त्याचा अंमल काही सेकंदांचाच, म्हणून ठोके नियमित, सगळे एकसारखे आणि रुग्ण स्थिर असेल, तर शॉकचं मशीन जवळ ठेवून ते देऊन पाहतात. पण ठोके अनियमित असतील तर नाही. डब्ल्यूपीडब्ल्यूच्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन झालेलं असेल आणि आपण एव्ही नोड बंद केला, तर सगळे संदेश जादा वाटेने खाली धावू शकतात आणि हृदय थरथरीत जाऊ शकतं. शिवाय अ‍ॅडेनोसिनने थांबली म्हणून ती एसव्हीटीच होती असं नाही. काही व्हीटीही त्याने थांबतात.

काकांच्या बाबतीत फिजिशियननी सांगितलं ते साधं होतं. "व्हीटी धरून चाल. शॉकचे पॅड आधी लाव, मग अमियोडेरोन १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत सावकाश. बीपी पडलं किंवा ते गुंगले तर वाट पाहू नकोस, शॉक दे." औषध संपलं तरी व्हीटी चालूच, आणि रक्तदाब ९२ वर आला. झोपेचं इंजेक्शन देऊन, मशीनचं 'सिंक'चं बटण दाबून १०० जूल दिले. सिंकमुळे मशीन प्रत्येक ठोक्याची टोकं पकडतं आणि शॉक नेमका त्या क्षणी देतं. ते विसरलं आणि शॉक टी लहरीवर पडला, तर त्यानेच थरथर सुरू होऊ शकते. एका शॉकमध्ये पट्टी बदलली. ठोके मिनिटाला ८४, अरुंद, आणि पुढच्या लीड्समध्ये जुन्या अटॅकच्या खोल क्यू लहरी.

व्हीटी धरून चालण्याचा हिशेब असा आहे. शॉकने व्हीटीही थांबते आणि चक्राची एसव्हीटीही. अंदाज चुकून ती एसव्हीटी निघाली, तर त्या रात्री रुग्णाचं फारसं बिघडत नाही. व्हीटीला एसव्हीटी समजण्याची किंमत मात्र त्याच खाटेवर मोजावी लागते, किंवा नंतर. समजा व्हीटी आपोआप थांबली आणि कागदावर 'एसव्हीटी' लिहून काकांना घरी पाठवलं. मग इको होत नाही, पंप २५ ते ३० टक्क्यांवर आलाय हे कळत नाही, आयसीडीचा विषय निघत नाही. आणि पुढची व्हीटी घरी, झोपेत येते. उलट चुकीलाही दीर्घ पल्ल्यात किंमत आहेच. ज्याची एसव्हीटी एका अब्लेशनने कायमची जाऊ शकते, त्याला व्हीटीचा शिक्का मारून वर्षानुवर्षं अमियोडेरोन दिलं, तर थायरॉइड आणि फुप्फुसांवर त्याचे परिणाम होतात. किंवा काही लाखांचा आयसीडी नको तिथे बसतो. म्हणून रात्रीच्या घाईत व्हीटी धरावी, पण दुसऱ्या दिवशी निदान पक्कं केल्याशिवाय सोडू नये, हे माझं मत.

ते पक्कं करायला इलेक्ट्रोफिजियॉलॉजिस्टला सर्वांत उपयोगी पडतो तो धडधड चालू असताना काढलेला बारा लीडचा ईसीजी, आणि नेमका तोच हरवतो. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये राहतो, थर्मल कागद असेल तर वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो. तुमच्या घरात कुणाला अटॅक येऊन गेला असेल किंवा अशी धडधड होत असेल, तर दोन गोष्टी करा. बरे असतानाच्या ईसीजीचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण जुन्या फांदीतला अडथळा त्यावरून लगेच कळतो. आणि डिस्चार्ज घेताना झटक्यातल्या पट्टीची प्रत मागून घ्या. ती मागणं तुमचा हक्क आहे.